तीस ईमेलची आघाडी

पुण्यातल्या एखाद्या छोट्या प्रकाशकाचं उदाहरण घेऊ. दिवाळी अंकाच्या नोंदणीसाठी त्याला हजारो वाचकांना ईमेल पाठवायचा आहे आणि विषयाच्या दोन ओळी सुचल्यात. पहिली साधी : ‘दिवाळी अंकाची नोंदणी सुरू’. दुसरी जरा घाई करणारी : ‘घरपोच दिवाळी अंक, सवलत शुक्रवारपर्यंत’. यादीतल्या हजार जणांना तो पहिली ओळ पाठवतो, दुसऱ्या हजारांना दुसरी. दुसऱ्या दिवशी आकडे येतात. पहिला ईमेल २०० जणांनी उघडला, दुसरा २३० जणांनी. म्हणजे २० टक्के आणि २३ टक्के. ईमेल पाठवणारं सॉफ्टवेअर दुसऱ्या ओळीपुढे ‘विजेता’ असा हिरवा शिक्का मारून मोकळं होतं.

त्या शिक्क्यावर लगेच विश्वास ठेवू नये. दोन्ही गटांना एकच ओळ पाठवली असती, तरी आकडे सारखे आले नसते. एकीकडे १९२, दुसरीकडे २०९, असं सहज घडतं. कोणी प्रवासात असतं, कोणाचा इनबॉक्स तुंबलेला असतो, आणि अशी माणसं दोन्ही गटांत नेमकी सारखी वाटली जात नाहीत. त्यामुळे दुसरी ओळ पुढे आहे का, एवढंच विचारून भागत नाही. नुसत्या योगायोगाने एवढा फरक पडू शकतो का, हे विचारायला हवं.

त्यासाठी कागदावर करता येईल असा एक ढोबळ हिशेब आहे. दोन्ही गट सारख्या आकाराचे असतील, तर उघडलेल्या ईमेलची बेरीज करायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि ते दुप्पट करायचं. फरक त्याहून मोठा असेल तरच तो गांभीर्याने घ्यायचा. इथे बेरीज ४३०, वर्गमूळ जवळपास २१, दुप्पट ४२ च्या आसपास. आपला फरक ३०. म्हणजे दुसरी ओळ सरस असेलही, पण या चाचणीने ते सिद्ध झालेलं नाही. काटेकोर सूत्राने मोजलं तरी निष्कर्ष तोच निघतो : खरा फरक शून्याच्या किंचित खाली असू शकतो, तसाच साडेसहा टक्क्यांपर्यंतही असू शकतो.

हेच टक्के पाच-पाच हजारांच्या गटांत आले असते तर? १००० आणि ११५०. बेरीज २१५०, वर्गमूळ ४६, दुप्पट ९२ आणि फरक १५०. आता बोलायला जागा आहे. वीसवरून तेवीसवर जाणारा फरक बऱ्यापैकी खात्रीने पकडायचा, तर प्रत्येक गटात तीनेक हजार माणसं लागतात. एकाच टक्क्याचा फरक पकडायचा असेल तर पंचवीस हजारांहून जास्त. एवढी यादी नसेल, तर बारीकसारीक शब्दबदल तपासण्यात अर्थ नाही; एकमेकींपेक्षा अगदी वेगळ्या ओळी तपासाव्यात. ओबामांच्या २०१२ च्या प्रचारात देणगीसाठीच्या ईमेलच्या अनेक ओळी अशा तपासल्या जात, आणि त्यांपैकी चांगल्या-वाईट ओळींतली तफावत कित्येक पटींची असे. तिथे वर्गमूळ काढायची गरजही नसते. पण त्यांची यादीही अफाट होती.

घोटाळा बहुधा गणितात नसतो, तो आधीच्या आणि नंतरच्या वागण्यात असतो. यादीतले पहिले हजार आणि पुढचे हजार असे गट पाडले, तर जुने, निष्ठावान वाचक एका बाजूला जातात आणि चाचणी सुरू होण्याआधीच निकाल लागतो. गट सरमिसळ करूनच पाडावे आणि दोन्ही ईमेल एकाच वेळी सोडावे. दुसरी खोड अधिक गोड असते : दर तासाला आकडे पाहायचे आणि आवडती ओळ पुढे दिसली की चाचणी थांबवायची. योगायोगाला फसण्याची शक्यता आपण ५ टक्के धरलेली असते, पण दहा वेळा डोकावलं तर ती १९ टक्क्यांच्या आसपास जाते. कधी थांबायचं, हे ईमेल पाठवण्याआधीच ठरवावं.

आणि मुळात ‘उघडला’ म्हणजे काय? ईमेलमध्ये दडवलेलं एक अदृश्य चित्र डाउनलोड झालं की तो उघडला असं धरतात. २०२१ मध्ये अ‍ॅपलने आपल्या मेल अ‍ॅपमध्ये खासगीपणाची अशी सोय दिली, की वाचकाने ईमेल पाहिला नाही तरी ती चित्रं आधीच उतरवली जातात. असे आयफोनवाले दोन्ही गटांत ‘उघडणारे’ म्हणून मोजले जातात आणि खरा फरक त्या गर्दीत पातळ होतो. म्हणून आपल्या प्रकाशकाने नोंदणीच्या दुव्यावरचे क्लिक पाहिलेले बरे. समजा, ते ३१ आणि ३४ निघाले. बेरीज ६५, वर्गमूळ ८, दुप्पट १६. फरक तीनचा. तेव्हा उरलेल्या यादीला त्याला जी ओळ आवडेल ती त्याने खुशाल पाठवावी. फक्त ‘आमच्या वाचकांना सवलतीची ओळ भावते’ असं पुढच्या वर्षीच्या वहीत लिहून ठेवू नये.