गैरहजेरीबद्दल पालकांना लिहिताना

‘मुलगी सतत गैरहजर असते’ असं वाचलं की पालक बिचकतात आणि खरं कारण सांगायचं राहून जातं. म्हणून ‘सतत’ऐवजी नेमके दिवस लिहावेत. समजा, तिसरीतली मुलगी महिन्यात ५ दिवस आली नाही. तिच्या आईला असं लिहिता येईल:

“ताई, नमस्कार. या महिन्यात तुमची लेक ५ दिवस शाळेत नव्हती. तेव्हा जोडाक्षरं शिकवली, म्हणून ती वाचताना अडखळते. सकाळी एसटी चुकते का, की धाकट्याला सांभाळायला कुणी नसतं? सांगाल तर मिळून मार्ग काढू. राहिलेलं मी मधल्या सुट्टीत करून घेईन.”

शक्यता सुचवल्या की उत्तर देणं सोपं जातं. पालकांना वाचता येत नसेल, तर हेच फोनवर बोलावं. अशा वेळी मुलीच्या हाती चिठ्ठी देऊ नये.