इस्ट्रोजेन एलएच वाढवते की दाबते?

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत हा प्रश्न कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतोच. आदल्या रात्री ‘निगेटिव्ह फीडबॅक’ घोकून आलेला विद्यार्थी “कमी करते, सर” म्हणून मोकळा होतो. परीक्षक मान डोलावतात आणि पुढचा प्रश्न टाकतात, “मग पाळीच्या मध्यावर एलएच उसळते कसे? त्याच्या जरा आधी तर इस्ट्रोजेन सर्वांत जास्त असते!” इथे बरेच जण गप्प होतात. खरे तर पहिले उत्तर चूक नव्हते, ते अर्धे होते.

आधी वाट समजून घ्यावी. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस जीएनआरएच नावाचे संप्रेरक सोडतो. ते जेमतेम दहा अमिनो आम्लांचे असते आणि रक्तात काही मिनिटांतच नष्ट होते. म्हणूनच ते सगळ्या शरीरभर न फिरता एका छोट्या खासगी रक्तमार्गाने थेट खालच्या पिट्यूटरी ग्रंथीत उतरते. पिट्यूटरी मग एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. अंडाशयात एफएसएच फॉलिकल वाढवते, म्हणजे स्त्रीबीज आणि त्याभोवतीच्या पेशींची पिशवी. फॉलिकल वाढते तसे इस्ट्रोजेन बनते, आणि हे इस्ट्रोजेन उलट वर जाऊन पिट्यूटरी आणि हायपोथॅलॅमसला सांगते, ‘पुरे, आता कमी करा.’ पाणी तापले की गिझर जसा आपोआप बंद होतो, तसेच हे. हाच निगेटिव्ह फीडबॅक.

पण गिझर कधी पाणी तापले म्हणून जास्त जोरात पेटत नाही. इस्ट्रोजेनच्या बाबतीत महिन्यातून एकदा नेमके तेच होते.

यामागचे कारण उलगडले ते अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात, अर्न्स्ट क्नोबिल यांच्या प्रयोगशाळेत, ऱ्हीसस माकडिणींवर. या माकडिणींचे पाळीचक्र बाईसारखेच साधारण 28 दिवसांचे असते. क्नोबिल यांच्या गटाने काही माकडिणींच्या हायपोथॅलॅमसमधला जीएनआरएच पुरवणारा भाग निकामी केला. अपेक्षेप्रमाणे एलएच आणि एफएसएच जवळजवळ नाहीसे झाले. मग त्यांनी जीएनआरएच शिरेतून सतत द्यायला सुरुवात केली. सतत देऊनही संप्रेरके टिकून वर येईनात. तेच औषध तासातून एकदाच, सहा मिनिटांच्या छोट्या मात्रेत दिले आणि दोन्ही संप्रेरके परत वर आली. 1978 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने एक गोष्ट पक्की केली: पिट्यूटरीला जीएनआरएचची धार लागत नाही, ठोके लागतात. धार लागली की तिच्यावरचे ग्राहक म्हणजे रिसेप्टर दमतात आणि ती प्रतिसाद द्यायचे सोडते. एंडोमेट्रिऑसिसमध्ये दिले जाणारे ल्यूप्रोलाइड याच गुणाचा फायदा घेते. पहिले काही दिवस ते इस्ट्रोजेन वाढवते, मग पाळीच बंद पाडते. डॉक्टरांनी आधी सांगितले नसेल तर रुग्ण या सुरुवातीच्या उसळीने घाबरते.

यापेक्षाही महत्त्वाचा होता पुढचा निकाल. 1980 मध्ये क्नोबिल यांनी दाखवले की तासाला एक ठोका, महिनाभर जराही बदल न करता दिला, तरी या माकडिणींत फॉलिकल वाढते, एलएच उसळते, स्त्रीबीज सुटते. म्हणजे मेंदूकडून येणारा इशारा एकसारखाच होता, तरी चक्र फिरले. महिन्याचे घड्याळ मेंदूत नव्हते, अंडाशयात होते.

मग उसळी आली कुठून? माकडिणींमध्ये पिट्यूटरीनेच दिशा बदलली. फॉलिकल लहान असताना इस्ट्रोजेन साधारण 30 ते 50 पिकोग्रॅम प्रति मिलिलीटर असते आणि ते पिट्यूटरीला दाबून ठेवते. एक फॉलिकल पुढे निघून गेले की ते प्रमाण झपाट्याने चढते. ते 200 च्या वर गेले आणि सुमारे दोन दिवस तिथेच राहिले, की पिट्यूटरी जीएनआरएचच्या त्याच ठोक्याला अनेक पटींनी मोठा प्रतिसाद देऊ लागते. आत साठवलेले एलएच एकदम बाहेर पडते. उसळी सुरू झाल्यापासून साधारण 34 ते 36 तासांत फॉलिकल फुटते. दोन्ही अटी एकत्र हव्यात, पातळीही आणि काळही. पातळी गाठली पण काही तासांतच खाली आली, तर उसळी येत नाही.

इथे एक सावधगिरी. उंदरांमध्ये एलएचची उसळी बऱ्याच अंशी मेंदूतून ठरते, दिवसाच्या ठराविक वेळी. पाठ्यपुस्तकांतले काही तपशील उंदरांवरच्या अभ्यासातून आलेले आहेत, आणि तेच जसेच्या तसे बाईवर लावणारा विद्यार्थी पुढच्या प्रश्नात सापडतो. शिवाय बाईचे ठोके वर्षभर एका गतीचे नसतात. स्त्रीबीज सुटल्यावर ते तीन-चार तासांतून एकदा इतके मंदावतात.

मंदावतात ते प्रोजेस्टेरॉनमुळे. फुटलेल्या फॉलिकलचे पिवळसर कॉर्पस ल्युटियम बनते आणि ते प्रोजेस्टेरॉनसोबत इस्ट्रोजेनही भरपूर बनवते. परीक्षकांचा शेवटचा डाव इथे असतो: “पाळीच्या उत्तरार्धात इस्ट्रोजेन पुन्हा चढते. मग दुसऱ्यांदा उसळी का येत नाही?” उत्तर सोबतीत आहे. प्रोजेस्टेरॉन सोबत असताना इस्ट्रोजेन उसळी आणू शकत नाही, ते पुन्हा दाबणारेच होते. गर्भनिरोधक गोळी याच आडोशाने काम करते. दोन्ही संप्रेरके रोज मोजक्या मात्रेत मिळत राहतात, फॉलिकल पुढे निघत नाही आणि उसळी येत नाही.

हा हिशेब परीक्षेपुरता नाही. समजा, एका बाईची पाळी नियमित 35 दिवसांनी येते. स्त्रीबीज सुटते का हे पाहायला तिची प्रोजेस्टेरॉनची तपासणी एकविसाव्या दिवशी केली आणि आकडा कमी आला. लगेच ‘बीज सुटत नाही’ असा शेरा पडतो आणि औषधे सुरू होतात. पण कॉर्पस ल्युटियम जगते साधारण 14 दिवस, आणि चक्र लांबते ते बहुधा पूर्वार्धात, फॉलिकलला उशीर झाल्याने. तिचे बीज सुटणार एकविसाव्या दिवसाच्या आसपास, म्हणजे त्या दिवशी प्रोजेस्टेरॉन नसणेच अपेक्षित होते. एकविसावा दिवस हा नियम 28 दिवसांच्या चक्रासाठी आहे. तपासणी पुढची पाळी यायच्या सुमारे सात दिवस आधी करायची असते, आणि या बाईसाठी तो दिवस अठ्ठाविसावा आहे.