शाफ्ट थंड झाल्यावर

पंप बनवणाऱ्या कारखान्यात प्रॉडक्शन ट्रेनीची जागा निघाली, की नुकत्याच डिप्लोमा झालेल्या मुलांचे अर्ज येऊ लागतात. अर्जासोबतच्या पत्रात बहुधा तेच असते: मी मेहनती आहे, शिकण्याची आवड आहे, लेथ-मिलिंग-ड्रिलिंग येते. हे सारे मेकॅनिकल डिप्लोमाच्या अभ्यासक्रमातच आहे. त्यामुळे या मुलाला बोलवावे की पुढच्याला, हे वाचणाऱ्या प्रॉडक्शन मॅनेजरला त्यावरून ठरवता येत नाही.

पत्राचा खरा जीव मधल्या परिच्छेदात असतो. समजा, मिरजेच्या एका मुलाने औद्योगिक प्रशिक्षण लहानशा वर्कशॉपमध्ये केले आहे. त्याने असे लिहावे:

‘मी ऑपरेटरच्या हाताखाली सीएनसी लेथवर पंपाचे शाफ्ट केले. बेअरिंग बसते त्या जागेचे माप २५.००२ ते २५.०१५ मिमी हवे होते. एक शाफ्ट उतरवल्याबरोबर मोजला, तेव्हा २५.००५ भरला आणि आम्ही पास केला. थंड झाल्यावर तोच २४.९९९ निघाला आणि रिजेक्ट झाला. तेव्हापासून शाफ्ट पूर्ण थंड झाल्याशिवाय मी शेवटचे माप घेत नाही.’

एवढ्या मजकुरात मॅनेजरला बरेच काही दिसते. २५ मिमी जाडीचे पोलाद २० अंशांनी तापले, तर साधारण ६ मायक्रॉन फुगते. म्हणजे मुलाचे आकडे जुळतात. असा सैल शाफ्ट पुढे गेला असता, तर बेअरिंगची आतली रिंग त्यावर घसरत राहिली असती, जागा झिजली असती, शाफ्ट थरथरू लागला असता आणि शेवटी मेकॅनिकल सीलमधून पाणी गळले असते. पंपवाल्यांना ही तक्रार चांगली ओळखीची आहे.

मात्र हा परिच्छेद दुसऱ्याच्या पत्रातून उचललेला असेल, तर मुलाखतीत एका प्रश्नात उघडा पडतो. ‘माप कोणत्या मायक्रोमीटरने घेतलेस?’ साध्या मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट ०.०१ मिमी असतो. त्यावर २५.००२ आणि २५.००५ यांतला फरक भरवशाने वाचता येत नाही, त्यासाठी ०.००१ मिमी दाखवणारा लागतो. ज्याने तो हातात धरला आहे, तो लगेच सांगतो.

न केलेले कामही स्पष्ट लिहिलेले बरे. ‘कॉलेजच्या प्रयोगशाळेत सेंट्रिफ्युगल पंपाची चाचणी घेतली आहे, पूर्ण पंपाची असेंब्ली अजून केलेली नाही.’ या वाक्याने संधी जाईल अशी मुलांना भीती वाटते. पण ट्रेनी म्हणून घेतलेल्या मुलाला असेंब्ली शिकवावी लागणार, हे कारखान्याने धरलेलेच असते. उलट, येत नसलेले काम येते म्हणणारा मुलगा लाइनवर महागात पडतो.

बाकी पत्र चार ओळींत आटोपते: कोणत्या जागेसाठी अर्ज आहे, शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला आहे का, तिन्ही शिफ्टमध्ये काम करायची तयारी आहे का आणि कोणत्या तारखेपासून रुजू होता येईल.