खरेदीदाराचा ऑडिटर दारात येतो तेव्हा : करारातील तपासणीच्या कलमाला लघुउद्योजकाने मर्यादा कशी घालावी?

गोव्यातील औषधनिर्मिती कंपन्यांच्या आधाराने अनेक लहान उद्योग उभे आहेत. कोणी खोकी छापतो, कोणी लेबले, तर कोणी औषधासोबतची माहितीपत्रके. मोठ्या कंपनीचा करारनामा हाती आला की असा उद्योजक दर, मुदत आणि देयकाची पाने काळजीपूर्वक वाचतो. मात्र करारात पुढे कुठेतरी येणारे ‘ऑडिट व तपासणी’चे कलम बहुधा न वाचताच सही होते. या कलमाचा आशय साधारणतः असा असतो : खरेदीदार किंवा त्याचा प्रतिनिधी कोणत्याही वेळी, पूर्वसूचनेशिवाय, पुरवठादाराच्या सर्व जागा, नोंदी व हिशेबाची पुस्तके तपासू शकेल आणि त्यांच्या प्रती घेऊ शकेल.

या वाक्यात दोन निराळ्या तपासण्या एकत्र गुंफलेल्या आहेत. त्या वेगळ्या केल्या की मर्यादा कुठे घालायची हे दिसू लागते. पहिली तपासणी गुणवत्तेची, म्हणजे माल कसा तयार होतो हे पाहण्याची. दुसरी पैशांची, म्हणजे देयक करारानुसार आहे की नाही हे पाहण्याची.

गुणवत्तेच्या तपासणीला सरसकट नकार देणे व्यवहार्य नाही आणि ते योग्यही नाही. औषधनिर्मितीच्या नियमांतील ‘शेड्यूल एम’ छापील वेष्टनांकडे औषधातील घटकद्रव्यांइतक्याच काटेकोरपणे पाहतो. ५०० मिलिग्रॅमच्या गठ्ठ्यात २५० मिलिग्रॅमची चार खोकी मिसळली, तर कंपनीला बाजारातून माल परत मागवावा लागू शकतो. म्हणूनच तपासनीस छपाई कारखान्यात येऊन एक काम संपल्यावर यंत्रावरचे जुने कागद पूर्णपणे हटवले जातात का, वाया गेलेली खोकी मोजून नष्ट होतात का, मंजूर नमुना आणि रंगपत्रिका कुलूपबंद असते का, हे पाहतो. हे पाहण्याचा त्याला हक्क असलाच पाहिजे. प्रश्न एवढाच की हे पाहताना त्याच्या नजरेस आणखी काय काय पडते.

कुंडई औद्योगिक वसाहतीतील एक काल्पनिक छपाई कारखाना घेऊ. कामगार बावीस, ग्राहक पाच औषध कंपन्या. मजल्यावर तीन कंपन्यांची खोकी एकाच वेळी सुकत पडलेली आहेत. त्यांतले एक औषध बाजारात यायचे आहे. पहिल्या कंपनीचा तपासनीस पूर्वसूचनेशिवाय आला, त्याने मजल्यावर फेरी मारली आणि भ्रमणध्वनीवर छायाचित्रे घेतली, तर दुसऱ्या कंपनीशी केलेला गुप्ततेचा करार त्याच क्षणी मोडतो. मोडणारा कोण? कारखानदार. भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. संरक्षण प्रामुख्याने करारातील शब्दांतूनच मिळते. साहजिकच शब्द ढिले असले की संरक्षणही ढिले.

आता वेळेचा हिशेब पाहा. प्रत्येक तपासणीला दोन दिवस लागतात आणि त्या दोन दिवसांत मालक व गुणवत्ता प्रमुख दोघेही अडकून पडतात. पाचही ग्राहकांनी दर तिमाहीला तपासणी करायची ठरवली, तर वर्षाचे चाळीस दिवस त्यात जातात. तीनशे कामाच्या दिवसांच्या वर्षात हा वाटा लहान उद्योगाला पेलणारा नाही.

म्हणून गुणवत्तेच्या तपासणीसाठी मागण्याजोगी पहिली मर्यादा अशी : वर्षातून एकदा, पंधरा कामकाजाच्या दिवसांची लेखी सूचना देऊन, कामाच्या वेळेत आणि फक्त त्या ग्राहकाच्या मालाशी संबंधित जागा व नोंदींपुरती. याला दोन अपवाद मोकळेपणाने द्यावेत. गंभीर तक्रार असेल तर कारण लेखी कळवून दोन दिवसांच्या सूचनेवर तपासणी व्हावी, पण ती त्या तक्रारीपुरतीच. आणि औषध नियामकाने खरेदीदाराकडे विचारणा केली असेल, तर नियामकाने दिलेल्या मुदतीत. हे अपवाद आपणहून लिहून दिले की उरलेली मर्यादा मान्य होणे सोपे जाते, कारण खरेदीदाराच्या गुणवत्ता विभागाची खरी भीती या दोन प्रसंगांचीच असते.

तपासनीस कोण, हेही लिहून घ्यावे. खरेदीदार कधीकधी बाहेरच्या सल्लागाराला पाठवतो आणि तो सल्लागार उद्या दुसऱ्या छपाईवाल्याकडेही काम करत असतो. ‘पुरवठादाराच्या स्पर्धकाशी संबंध नसलेली व गुप्ततेच्या हमीवर सही केलेली व्यक्ती’ एवढे शब्द पुरतात. नोंदी जागेवरच पाहाव्यात, प्रती व छायाचित्रे संमतीनेच घ्यावीत, ही ओळ त्याला जोडून यावी. मात्र ही ओळ कागदावर येण्याआधी कारखान्यात तशी सोय हवी. इतर ग्राहकांचे काम झाकण्याची किंवा वेगळ्या खोलीत हलवण्याची व्यवस्था नसेल, तर मर्यादा नुसती लिहून उपयोग नाही.

हिशेबाची वही किती उघडायची?

पैशांच्या तपासणीला एकच कसोटी लावावी : ज्या आकड्यावर खरेदीदाराचे देयक अवलंबून आहे, तेवढाच आकडा त्याने पाहावा. दर हजारी ठरलेला आणि स्थिर असेल, तर त्याला कागदाचे देयक, वीजबिल किंवा पगारपत्रक पाहण्याचे कारणच नाही. पाठवलेली खोकी गुणिले दर, एवढे जुळले की तपासणी संपली. तरीही सरसकट कलमावर सही झालेली असेल, तर खरेदी विभाग मालकाचा नफा किती हे पाहतो आणि पुढच्या वर्षीची दरकपात तिथून सुरू होते.

दर कागदाच्या भावाशी बांधलेला असेल, तर चित्र बदलते. आपल्या उदाहरणात कागद ७२ रुपये किलो असताना खोक्यांचा दर हजारी १,८५० रुपये ठरला आहे. हजार खोक्यांना वाया जाणारा धरून १४ किलो कागद लागतो, म्हणून कागद किलोमागे एक रुपयाने हलला की दर १४ रुपयांनी हलतो. इथे खरेदीदाराला कागदखरेदीची देयके दाखवणे न्याय्य आहे. शाई, मजुरी व व्याज दाखवणे नाही. शिवाय ही देयकेही त्याच्या खरेदी अधिकाऱ्याने पाहण्याऐवजी एखाद्या स्वतंत्र सनदी लेखापालाने पाहावीत आणि त्याने खरेदीदाराला फक्त ‘जुळते’ किंवा ‘इतक्या रुपयांचा फरक’ एवढेच कळवावे, अशी तरतूद करता येते.

फरक सापडला तर पुढे काय, हा कलमातला सर्वांत महागडा भाग असतो. समजा, एका महिन्यात कागद ७० रुपयांवर उतरला, पण देयक जुन्याच दराने गेले. महिन्याला चार लाख खोकी, म्हणजे हजारी २८ रुपयांप्रमाणे ११,२०० रुपये जास्त लागले. त्या महिन्याचे देयक ७ लाख ४० हजारांचे, म्हणजे फरक दीड टक्क्याचा. मूळ कलमात ‘नमुना महिन्यातील फरक संपूर्ण कालावधीला लागू धरला जाईल’ असे असेल, तर लेखापरीक्षक चोवीस महिन्यांचा हिशेब करून २,६८,८०० रुपये मागतो. त्यावर स्वतःचे शुल्कही लावतो. एका महिन्याची चूक चोवीसपट होते.

याला उत्तर म्हणून चार गोष्टी एकाच वाक्यात बसतात : प्रत्यक्ष सापडलेलाच फरक परत करायचा, दोन्ही दिशांचे फरक वजावट करून धरायचे, अहवालाचा मसुदा आधी पुरवठादाराला देऊन पंधरा दिवसांत उत्तराची संधी द्यायची, आणि लेखापरीक्षणाचा खर्च खरेदीदाराचा, फक्त निव्वळ फरक पाच टक्क्यांहून जास्त निघाल्यास तो ठरलेल्या कमाल रकमेपर्यंत पुरवठादाराचा. दोन्ही दिशांचा मुद्दा लहान वाटतो, पण तसा नाही. दुसऱ्या एखाद्या महिन्यात कागद एक रुपयाने चढला आणि तो लावायचा राहून गेला असेल, तर ५,६०० रुपये कारखानदाराचे येणे निघते. तेवढेच दोन फरक असतील, तर परत करायची रक्कम निम्म्यावर येते.

किती मागे जायचे, हाही वादाचा विषय. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात, म्हणून खरेदीदाराचा वकील तपासणीची मुदतही तेवढीच लांब लिहितो. नोंद जपणे वेगळे आणि जुने हिशेब पुन्हा उघडणे वेगळे. चोवीस महिने मागावेत, छत्तीसवर तडजोड करावी. एकदा तपासलेला कालावधी पुन्हा उघडता येणार नाही, हे मात्र सोडू नये.

‘तपासणी पूर्ण होईपर्यंत देयके रोखता येतील’ ही ओळ सापडली, तर तिथे कायदा पुरवठादाराच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याच्या कलम १५ नुसार, नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला करारात काहीही लिहिले तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. मालाबद्दल लेखी हरकत घ्यायची ती माल पोहोचल्यापासून पंधरा दिवसांत. तशी हरकत न घेतलेला माल स्वीकारलेला मानला जातो. त्यामुळे दहा महिन्यांनी झालेली तपासणी ही मुदत मागे-पुढे करू शकत नाही. विलंब झाल्यास कलम १६ प्रमाणे बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. मध्यम उद्योगाला हे संरक्षण नाही, हे लक्षात ठेवावे.

हे सारे मागायचे कसे? मोठ्या कंपनीचा विधी विभाग छापील करारात सहसा खाडाखोड करू देत नाही. म्हणून मूळ कलमाला हात न लावता एक पानी परिशिष्ट पुढे करावे. त्यात एक ओळ अत्यावश्यक आहे : ‘तपासणीबाबत मूळ करार, खरेदी आदेश अथवा त्यावरील छापील अटी आणि हे परिशिष्ट यांत विसंगती असल्यास हे परिशिष्ट ग्राह्य धरले जाईल.’ खरेदी आदेशाचा उल्लेख यासाठी की तो दर महिन्याला येतो, त्याच्यासोबत छापील अटी असतात आणि त्यांत तेच सरसकट कलम परत शिरलेले असते. परिशिष्टावर सही खरेदी अधिकाऱ्याची नको. मूळ करारावर ज्याची सही आहे त्याची, किंवा तेवढे अधिकार असलेल्याची हवी.

बोलणी करताना सर्वांत उपयोगी पडते ते खरेदीदाराचेच हित. ‘तुमच्या नव्या औषधाचे खोके तुमच्या स्पर्धकाच्या तपासनीसाने पाहिलेले चालेल का?’ हा प्रश्न विचारला की इतर ग्राहकांचे काम झाकण्याची अट त्यांना आपलीच वाटते. सगळेच मिळणार नसेल, तर सूचनेचे पंधरा दिवस सातवर आणता येतात, वर्षातून एकदाची तपासणी दोनदा करता येते. इतर ग्राहकांची गुप्तता, सापडलेल्या फरकापुरतीच परतफेड आणि देयके न रोखणे या तीन ठिकाणी मात्र पेन खाली ठेवून थांबावे.