आईखाली चिरडण्याआधी

डुकरिणीखाली चिरडून मेलेलं पिल्लू सापडलं की दोष तिच्या आळसाला दिला जातो. पशुवैद्य मात्र आधी पिल्लाचं पोट तपासतो. ते रिकामं असेल, तर पिल्लू आधी गारठलं, मग उपाशी राहिलं आणि शेवटी चिरडलं, असा बहुधा क्रम असतो.

जन्मताना पिल्लू जेमतेम सव्वा किलोचं, अंगावर केस विरळ, चरबी नावालाच. त्याला सुमारे ३४ अंश ऊब लागते. आई मात्र २० अंशांच्या आसपास सुखात असते. डिसेंबरच्या रात्री शेड १५ अंशांवर आली की पिल्लू सुस्तावतं आणि ऊब शोधत आईला चिकटून पडतं. दीड-दोनशे किलोची आई बसते किंवा कूस बदलते, तेव्हा त्याला झटकन हलता येत नाही. धोक्याचे दिवस पहिले तीन.

म्हणून ऊब आईपासून दूर ठेवायची. कोपऱ्यात फळ्यांची अडोशाची जागा करावी, पिल्लू शिरेल पण आई नाही इतकंच तोंड ठेवावं. खाली कोरडा भुसा, वर घट्ट बांधलेला दिवा. दिव्याची उंची पिल्लंच सांगतात: ढीग करून झोपली तर थंडी वाजतेय, दिव्यापासून पांगली तर उकडतंय, शेजारी-शेजारी कुशीवर पसरली तर ठीक. दिव्याची धग आईवर नको. तिचं खाणं घटतं आणि दूधही.

भिंतीलगत जमिनीपासून आणि भिंतीपासून साधारण २०-२५ सेंटीमीटरवर लोखंडी नळी बसवली, तर आई भिंतीला टेकून बसताना पिल्लाला निसटायला फट मिळते. खोलीच्या मध्यभागी ती कुशीवर लोळली तर नळीचा उपयोग नाही. पिंजरा हे बरंचसं रोखतो, पण त्यात आईला वळताही येत नाही; मला तो पटत नाही.

आता चीक. रोगांशी लढणारी प्रतिपिंडं वारेतून पिल्लाला मिळत नाहीत, ती चिकातूनच येतात. पहिल्या दिवसात पिल्लामागे निदान २०० ग्रॅम चीक पोटात जायला हवा. चोवीस तासांनंतर आतडं ही प्रतिपिंडं जवळपास शोषतच नाही. समजा बारा पिल्लं झाली. आधी जन्मलेली सहा थोरली पोटभर प्यायली की पाठीवर खूण करून तास-दीड तास दिव्याखाली कोंडायची; तेवढ्यात मागून आलेल्या, बारक्या सहांना सड मोकळे मिळतात. मग अदलाबदल. चीक सुरुवातीला सतत झिरपतो, पण पुढे पान्हा तासाभराने आणि तोही वीसेक सेकंदच उतरतो. तेव्हा सड हुकलेलं बारकं पिल्लू पुढच्या पान्ह्यापर्यंत उपाशीच.

आईला चालू सड कमी असतील, तर त्याच सुमारास व्यालेल्या दुसरीकडे एखाद-दोन पिल्लं द्यावीत. पण स्वतःच्या आईचा चीक पिऊन झाल्यावरच, आणि द्यायची ती धट्टीकट्टी. नव्या घरी सडासाठी भांडावं लागतं.