‘वेल झाली’ आणि मेंदूचं दार

भिवंडीच्या एका वाचकाने विचारलं आहे : वडील विशीत आझमगडहून यंत्रमागावर कामाला आले, मराठी घडाघडा बोलतात, पण अजूनही ‘वेल झाली’ म्हणतात. बाराव्या वर्षानंतर मेंदूचं भाषेचं दार बंद होतं, हे खरं का?

उत्तराचा अर्धा भाग त्या दोन शब्दांतच आहे. ‘ळ’ चुकला, पण ‘झाली’ बरोबर आलं.

दार बंद होण्याची ही कल्पना एरिक लेनेबर्ग या संशोधकाच्या 1967 च्या पुस्तकामुळे गाजली. मेंदूला इजा झाली तर लहान मुलांची भाषा बहुधा परत येते, मोठ्यांची अनेकदा येत नाही. म्हणून भाषा शिकण्याची नैसर्गिक मुदत वयात येईपर्यंतच असावी, असं त्याने मांडलं. त्याचा मुख्य विषय मातृभाषा हा होता. चाळिशीतही माणूस परकी भाषा शिकून व्यवहार करू शकतो, हे त्याच पुस्तकात आहे. परकी ढब मात्र सहजी जात नाही, हेही आहे. पुढे लोकांनी ‘बारा वर्षं’ तेवढी लक्षात ठेवली आणि बिचाऱ्या लेनेबर्गच्या नावावर नसती निराशा चढली.

या प्रश्नावरचं माझं आवडतं संशोधन 1999 चं आहे. जेम्स फ्लेगी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत स्थायिक झालेले 240 कोरियन लोक निवडले. कुणी तान्हेपणी आलेलं, कुणी विशी ओलांडून. त्यांच्याकडून इंग्रजी वाक्यं म्हणवून घेतली आणि परकी ढब किती जाणवते, हे ऐकणाऱ्यांना ठरवायला लावलं. मग त्या कोरियन लोकांना वाक्यं ऐकवून कोणतं व्याकरणाला धरून आहे, हे विचारलं. जितकं उशिरा आगमन, तितके दोन्हींत गुण कमी. ढब तर बाराव्या वर्षी एकदम नव्हे, उताराच्या रस्त्यासारखी हळूहळू वाढत गेलेली.

इथे थांबले असते तर वर्तमानपत्रांना मथळा मिळाला असता. पण पाचव्या वर्षी आलेल्याची सगळी शाळा इंग्रजीत होते. विशीत आलेला कामाला लागतो आणि घरीदारी कोरियनच बोलतो. मग फरक वयाचा की शाळेचा? म्हणून त्यांनी लवकर आणि उशिरा आलेल्यांचे असे गट जुळवले, की शिक्षण आणि इंग्रजीचा वापर दोन्हीकडे सारखा असावा. ढबीतला फरक तरीही राहिला. व्याकरणातला नाहीसा झाला! अर्थात ही परीक्षा चूक ओळखण्याची होती, ओघात बोलण्याची नव्हे. आणि पन्नाशीत शिकायला लागणाऱ्याबद्दल ती काहीच सांगत नाही.

भिवंडीत आणखी एक गुंता आहे. पद्मनगरातल्या तेलुगूभाषक विणकराला ‘ळ’ आणि ‘ण’ घरूनच मिळालेले असतात. त्याला अडवतं ते ‘मी भात खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं’. तेलुगूत क्रियापद कर्त्याकडे बघून बदलतं, भाताकडे किंवा पोळीकडे बघून नाही. आझमगडच्या माणसाला हिंदी-उर्दूतल्या ‘रोटी खाई, केला खाया’ची सवय असते, त्यामुळे नपुंसकलिंग सोडलं तर हे वळण त्याच्या ओळखीचं. त्याची अडचण ‘ळ’. दोघं एकाच वयात आले, तरी अडखळण्याच्या जागा वेगळ्या.

‘ळ’ इतका चिवट का, याचं मूळ जिभेपेक्षा कानात आहे. कॅनडात जॅनेट वर्कर यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळे. वर्षाच्या आसपास तो बहुतेकांना कळेनासा होई. हिंदी घरांतल्या बाळांना मात्र कळतच राही. म्हणजे बारावं वर्ष फार पुढचं. कान त्याआधीच घरच्या भाषेपुरते बसलेले असतात.

तरी ते कायमचे बसत नाहीत. इंग्रजीतले ‘र’ आणि ‘ल’ न ओळखणाऱ्या प्रौढ जपानी लोकांना अमेरिकी आणि जपानी संशोधकांनी 1990 च्या दशकात काही आठवडे सराव दिला. शब्दांच्या जोडीतला एक ऐकवायचा, कोणता ते विचारायचं, चूक-बरोबर लगेच सांगायचं. खुबी अशी, की आवाज एकाच माणसाचा नव्हता. ओळखणं सुधारलंच, शिवाय उच्चार शिकवलेला नसताना उच्चारही सुधारला, आणि तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा सुधारणा टिकून होती.

वाचकाने वडिलांवर हा प्रयोग जरूर करावा. काल-काळ, वेल-वेळ, गाल-गाळ, माल-माळ या जोड्या घरातल्या तीन-चार जणांनी फोनवर रेकॉर्ड कराव्यात आणि उलटसुलट क्रमाने ऐकवाव्यात. निम्म्याच बरोबर आल्या, तर ते अंदाजाने सांगताहेत; तेव्हा ‘जीभ वळवा’ म्हणून उपयोग नाही, आधी ऐकणंच वाढवायला हवं. बहुतेक ओळखता आल्या तर मात्र जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावण्याचा सराव कामाचा. अपेक्षा मात्र बेताची ठेवावी : जपानी शिकणारेही इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या बरोबरीला पोचले नव्हते, आणि ‘ळ’ जमला तरी बोलण्याची आझमगडी लय काही त्यामुळे जाणार नाही.