साडेचार सेकंदांतले अनंत टप्पे

दाराच्या चौकटीवर जमिनीपासून १२५ सेंटिमीटरवर पेन्सिलीने एक खूण करा. तिथे एक रबरी चेंडू धरा आणि खालच्या फरशीवर सोडा. फेकायचा नाही, नुसता हातातून सोडायचा. पहिला टप्पा पडल्यावर तो समजा ८० सेंटिमीटरपर्यंत वर आला. ८० म्हणजे १२५चे ६४ टक्के. आता तो या ८० सेंटिमीटरवरून खाली येईल आणि पुन्हा ६४ टक्केच, म्हणजे ५१.२ सेंटिमीटर उसळेल. त्यानंतर ३२.८, मग २१, मग १३.४.

दर वेळी ६४ टक्केच का? चेंडू जितका उंच, तितकी त्याची ऊर्जा. आपटताना त्यातला ठरावीक हिस्सा जातो: चेंडू दबतो, पुन्हा फुगतो, थोडा तापतो, आवाज होतो, फरशी किंचित थरथरते. आपल्या चेंडूच्या बाबतीत हा हिस्सा ३६ टक्के आहे. उरलेल्या ६४ टक्क्यांवर पुढची उसळी. प्रत्येक उंची आधीच्या उंचीला ०.६४ने गुणून मिळते, आणि अशा एकाच पटीने सरकणाऱ्या संख्यांच्या रांगेला भूमिती श्रेढी म्हणतात. ती पट, इथे ०.६४, हे तिचं गुणोत्तर.

आता प्रश्न असा. थांबेपर्यंत चेंडू एकूण किती अंतर कापेल?

हिशेबात अडचण दिसते ती शेवटाची. कितीही छोटी उसळी घ्या, तिच्या ६४ टक्के उंचीची आणखी एक उसळी तिच्या मागे उभीच असते. शून्याला कितव्या टप्प्यावर पोचणार? कधीच नाही, कारण शून्य नसलेल्या संख्येला ०.६४ने गुणून शून्य येत नाही. म्हणजे कागदावर टप्पे अनंत आहेत. अनंत अंतरांची बेरीज करायची म्हटल्यावर ती अनंतच होईल असं मनात येतं. मी शाळेत असताना मलाही तसंच वाटायचं, आणि ही शंका चुकीची असली तरी बावळट नाही. ती कुठे चुकते ते पाहण्यातच या विषयाची सगळी गोडी आहे.

आधी फक्त खाली पडण्याची अंतरं मिळवू: १२५, ८०, ५१.२ आणि पुढे सगळी. ही बेरीज काही तरी आहे असं धरू आणि तिला S म्हणू. आता पहिलं पडणं बाजूला ठेवून उरलेला खेळ बघा. ८० सेंटिमीटरवरून सुटलेला चेंडू, त्याच फरशीवर, त्याच गुणोत्तराने उसळणारा. म्हणजे हा पहिलाच खेळ, फक्त ०.६४ मापात लहान केलेला. मग त्याची बेरीजही ०.६४ पट असणार:

S = १२५ + ०.६४ S

दोन्हीकडून ०.६४ S काढा. ०.३६ S बरोबर १२५, म्हणून S सुमारे ३४७.२ सेंटिमीटर. अनंत वेळा पडूनही साडेतीन मीटरच्या आत. हेच सूत्र पाठ्यपुस्तकात S = a / (१ − r) असं असतं; a म्हणजे पहिलं पद, r म्हणजे गुणोत्तर.

परीक्षेत मुलं इथेच थांबतात आणि गुण घालवतात. चेंडू खाली पडतो तसा वरही जातो. प्रत्येक उसळी वर एकदा आणि खाली एकदा अशी दोनदा मोजायची, पण पहिले १२५ मात्र एकदाच, कारण तिथपर्यंत चेंडू आपण हाताने नेला होता. तेव्हा ३४७.२ची दुप्पट ६९४.४, त्यातून १२५ वजा: ५६९.४ सेंटिमीटर. पावणेसहा मीटरला थोडं कमी.

उत्तर आलं, पण त्यावर इतक्यात विश्वास ठेवू नका. तीच युक्ती दुसऱ्या चेंडूला लावून बघा. प्रत्येक टप्प्यानंतर दुप्पट उसळणारा एक काल्पनिक चेंडू घेऊ: १२५, २५०, ५००. सूत्रात r च्या जागी २ घाला. S = १२५ + २ S, म्हणून S बरोबर उणे १२५! छताला, मग ढगांना टेकणारा चेंडू एकूण उणे सव्वा मीटर पडला, असं सूत्र सांगतं. बीजगणिताची एकही पायरी चुकलेली नाही. चुकलं ते पहिलं वाक्य, ‘ही बेरीज काही तरी आहे असं धरू’. इथे बेरीज नव्हतीच. नसलेल्या गोष्टीला नाव देऊन आपण तिच्यावर क्रिया केल्या आणि उणे १२५ हे त्याचं फळ.

मग ०.६४च्या वेळी बेरीज खरोखर आहे हे कशावरून?

हा प्रश्न जवळजवळ याच रूपात साधारण पाचशे वर्षांपूर्वी केरळात विचारला गेला. नीलकंठ सोमयाजी यांनी आर्यभटीयावर भाष्य लिहिलं. वर्तुळाचा कंस आणि त्याची ज्या यांचा संबंध लावताना त्यांना एक अनंत बेरीज लागली: एक चतुर्थांश, त्याचा चतुर्थांश, त्याचाही चतुर्थांश, असं पुढे. ही बेरीज एक तृतीयांश भरते. पण ती तिथपर्यंत पोचते आणि त्यापुढे जात नाही, हे कसं कळायचं, असं नीलकंठांनी स्वतःच विचारलं. त्यांनी उत्तर शोधलं ते उरलेल्या भागात.

एक तृतीयांशातून एक चतुर्थांश काढा. उरतो बारावा भाग, म्हणजे एक चतुर्थांशाचा तिसरा हिस्सा. आता पुढचं पद, सोळावा भाग काढा. उरतो अठ्ठेचाळिसावा भाग, म्हणजे सोळाव्या भागाचा तिसरा हिस्सा. जिथे थांबाल तिथे शिल्लक ही शेवटी काढलेल्या पदाचा बरोबर एक तृतीयांश. शिल्लक कधी संपत नाही, म्हणून बेरीज एक तृतीयांशाच्या पुढे जात नाही. आणि पदं हवी तितकी लहान होत असल्यामुळे शिल्लकही हवी तितकी लहान होते, म्हणून बेरीज त्याच्या अलीकडे कुठे अडकूनही राहत नाही. मला या विषयातला याहून सुंदर युक्तिवाद माहीत नाही. त्यात सूत्र नाही, ‘धरू’ नाही, फक्त किती उरलं याचा चोख हिशेब आहे.

आपल्या चेंडूलाही तोच हिशेब लावू. दहा वेळा पडून झाल्यावर ३४७.२ सेंटिमीटरांतले किती उरले? ०.६४ने दहा वेळा गुणलं की सुमारे ०.०११५ येतात, म्हणजे साधारण चार सेंटिमीटर उरले. वीस वेळा पडून झाल्यावर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. एकविसाव्या पडण्यापासून पुढची सगळी, अनंत पडणी मिळून अर्धा मिलिमीटरही भरत नाहीत.

म्हणजे सगळं एकाच गोष्टीवर येऊन ठेपतं: गुणोत्तराला स्वतःनेच पुन्हा पुन्हा गुणत गेलं की ते शून्याकडे जातं का? चिन्ह बाजूला ठेवून ते १ पेक्षा लहान असेल तर जातं, आणि तेव्हाच बेरजेला अर्थ आहे. अशा श्रेढीला अभिसारी म्हणतात. गुणोत्तर नेमकं १ असेल तर चेंडू दर वेळी १२५लाच परत येतो आणि अंतर वाढतच राहतं. उणे १ असेल तर १२५ मिळवा, १२५ वजा करा, पुन्हा मिळवा. बेरीज १२५ आणि शून्य यांच्यात हेलपाटे घालते, कुठे टेकत नाही.

१च्या काठाशी काय होतं तेही बघण्यासारखं आहे. दर टप्प्याला ९९ टक्के उसळणारा चेंडू मिळाला, तर त्याच १२५ सेंटिमीटरवरून सुटून तो एकूण सुमारे २४९ मीटर प्रवास करेल. ९९.९ टक्के उसळला तर अडीच किलोमीटर. गुणोत्तरात एका टक्क्याहूनही कमी फरक, आणि प्रवास दहापट.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. उसळ्या लहान होत जातात म्हणून बेरीज मर्यादित राहते, असं पुष्कळ जण समजतात. तेवढं पुरत नाही. समजा एखादा चेंडू पहिल्यांदा एक मीटर पडला, मग अर्धा, मग एक तृतीयांश, मग एक चतुर्थांश, असा. ही पदंही शून्याकडे जातात. पण तिसरं आणि चौथं मिळून अर्ध्या मीटरपेक्षा जास्त होतात. पाचव्यापासून आठव्यापर्यंतची चार मिळूनही अर्ध्यापेक्षा जास्त, पुढची आठ मिळूनही जास्त. असे अर्ध्या मीटरचे गठ्ठे संपतच नाहीत, म्हणून बेरीज कुठल्याही आकड्यापलीकडे जाते. फार सावकाश जाते, दहा मीटर ओलांडायला १२,३६७ पदं लागतात, पण जाते. इथे एका पदाचं आधीच्या पदाशी गुणोत्तर स्थिर नाही, ते १कडे सरकत जातं. भूमिती श्रेढीत ते हलत नाही, म्हणून तिथे शिल्लक आटोक्यात राहते.

आता डोळे मिटून चेंडू ऐका. टप्प्यांमधलं अंतर कमी कमी होत जातं आणि शेवटी टपटप एकमेकांत मिसळून थांबते. वेळेचीही भूमिती श्रेढीच आहे, पण गुणोत्तर वेगळं. पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून इथे ०.६४ऐवजी त्याचं वर्गमूळ, ०.८. पहिल्यांदा पडायला सुमारे ०.५०५ सेकंद लागतात. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात ०.८०८ सेकंद, पुढे ०.६४६, मग ०.५१७. ही मधली सगळी अंतरं मिळून ०.८०८ भागिले ०.२, म्हणजे ४.०४ सेकंद. त्यात सुरुवातीचं पडणं मिळवलं की एकूण साधारण साडेचार सेकंद. कागदावरचे अनंत टप्पे साडेचार सेकंदांत संपतात, आणि त्यानंतर चेंडू खरोखर स्थिर असतो.

घरचा चेंडू या हिशेबाला किती धरून चालतो ते मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून तपासता येतं. आवाजाच्या आलेखात प्रत्येक टप्पा एक टोकदार रेघ म्हणून दिसतो. लागोपाठच्या दोन रेघांमधला वेळ वाचा, पुढच्या वेळेला आधीच्या वेळेने भागा, आणि येईल त्याचा वर्ग करा. ते तुमच्या चेंडूचं गुणोत्तर. पहिल्या काही टप्प्यांत भागाकार जवळजवळ सारखे येतील. पुढे ते हलू लागतील, कारण हळू आपटणारा चेंडू वेगाने आपटणाऱ्याइतका दबत नाही आणि ऊर्जेचा हिस्साही तेवढाच गमावत नाही. हिशेबानुसार विसाव्या टप्प्यानंतरची उसळी मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही कमी असते. एवढ्या उंचीला चेंडू फरशी सोडतो की नुसता जागेवर थरथरतो हे सांगणंच कठीण होतं, आणि आलेखातल्या रेघाही तिथे एकमेकींत मिसळलेल्या असतात.